स.न.वि.वि., माल शेवटच्या घटका मोजतो आहे

मालवणच्या किराणा दुकानदाराइतका तोंडाने कडक आणि कागदावर मऊ प्राणी अख्ख्या किनारपट्टीवर सापडायचा नाही. गल्ल्यावर बसून तो सरकार पाडतो, नगरपालिकेची गटारं पाच मिनिटांत साफ करतो आणि उधारी थकवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण कुडाळहून एजन्सीचा टेम्पो येतो, दहा पेट्या फळीखाली उतरवतो, त्यातल्या बाटल्यांवर छापलेली अखेरची तारीख तीन आठवड्यांवर आलेली असते, आणि हा मनुष्य एकदम वारकरी होतो. "अरे, ह्यो माल जूनच्या धा तारखेक मरतलो!" असं तो म्हणतो खरा. त्यावर सेल्समन बिलाची वही मिटत म्हणतो, "शेट, तारीख कित्याक बघतात, मागणी बघा!" आणि मागणी बघता बघता शेट सही करून मोकळे होतात. मग तारीख जवळ येते, मागणी पावसात वाहून जाते, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शेट कागद-पेन मागवतात. पुरवठादाराला लिहिल्या जाणाऱ्या या पत्राबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे: ते उशिरा लिहिलं जातं, चुकीच्या रसात लिहिलं जातं आणि त्यात मागितलं जातं ते भलतंच. कमी मुदतीच्या मालावर क्रेडिट मागणं ही याचना नाही, ती वजाबाकी आहे. आणि वजाबाकी करुण रसात करता येत नाही.

रूढ पत्राचा नमुना पाहा. वर ‘श्री देव रामेश्वर प्रसन्न’. देवाला या व्यवहारात साक्षीदार म्हणून आणायला हरकत नाही, पण त्याला बॅच नंबर विचारता येत नाही. मग ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. मग आपले संबंध किती जुने आहेत, वडिलांच्या वेळेपासून एजन्सीचा माल कसा घेत आलो आहोत, मागच्या चतुर्थीला आपले चिरंजीव दर्शनाला आले होते, याची उजळणी. मग यंदाचा सीझन कसा बसला, पर्यटक हल्ली पाणीसुद्धा घरून कसं आणतात, यावर एक परिच्छेद. मग कुठेतरी शेवटून दुसऱ्या ओळीत, शेजाऱ्याकडे साखर मागावी तशा सुरात, ‘तरी काही माल मुदतबाह्य झाला आहे, तरी योग्य तो विचार व्हावा’. कोणता माल, किती, कधी आला, कोणत्या बिलावर, किती रुपयांचा, याचा पत्ता नाही. खाली ‘कळावे, लोभ असावा’. पुरवठादार हे पत्र वाचतो आणि खरोखरच योग्य तो विचार करतो. तो असा, की यात उत्तर देण्यासारखं काहीच नाही. लोभ मागितला होता, तो आहेच. आम्हा मराठी लोकांना पत्रात रक्कम लिहिण्याचा संकोच असतो. लग्नपत्रिकेत वेळ पळांसकट छापणारे आपण हिशेबाच्या पत्रात मात्र ‘काही माल’ लिहितो. मलाही लेखाच्या मानधनाबद्दल विचारायचं झालं, तर संपादकांच्या तब्येतीची चौकशी करण्यात पहिलं पान जातं. तेव्हा हा दोष मी फार उंचावरून दाखवतो आहे असं नाही.

आता माल असा शेवटच्या घटका मोजत का येतो, ते पाहू, कारण त्यात कुणा एकट्याचा दुष्टपणा नसतो. दुष्ट असता तर भांडण सोपं झालं असतं. बाटली कारखान्यातून निघते, कंपनीच्या डेपोत थांबते, तिथून स्टॉकिस्टकडे जाते, तिथून त्या-त्या वाराच्या लाइनने गावोगाव जाते. प्रत्येक मुक्कामात तिच्या आयुष्यातले काही दिवस खर्च होतात आणि कुणीच ते भरून देत नाही. त्यात कंपनीला महिनाअखेरीला टार्गेट असतं. टार्गेट कंपनीकडून स्टॉकिस्टवर, स्टॉकिस्टकडून सेल्समनवर आणि सेल्समनकडून दुकानाच्या फळीवर उतरतं. फळीच्या खाली कुणी नसल्यामुळे ते तिथेच राहतं. मोठ्या शहरातला मॉलवाला कमी मुदतीचा माल दारातून परत पाठवतो, कारण त्याच्या करारात तसं लिहिलेलं असतं. परत गेलेला हा माल मग अशा दिशेने निघतो, जिथे करार नाही, ओळख आहे. ओळख असलेली माणसं नकाशाच्या टोकाला राहतात. मालवण तर अगदी टोकाला. त्यापुढे समुद्र, आणि मासे क्रेडिट नोट मागत नाहीत. घाटावरून येणाऱ्या मालाची तर गोष्टच वेगळी. पावसाळ्यात करूळला किंवा भुईबावड्याला दरड आली की गाडी फोंड्याने वळते, फोंडा अडला की आंबोलीने, आणि पेटीतला केक वाटेतच म्हातारा होतो.

या प्रवासात कायदा कुणाच्या बाजूला उभा आहे, तेही बघण्यासारखं आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याचं कलम २७ सांगतं की मुदत संपल्यानंतर माल पुरवला तर घाऊक विक्रेता जबाबदार, आणि मुदत संपल्यानंतर विकला तर दुकानदार जबाबदार. नीट वाचा. मुदत संपायला एक दिवस उरलेला असताना एजन्सीने माल टाकला, तर ती कायद्याने धुतल्या तांदळासारखी आहे. दुसऱ्या दिवशी रात्री बारा वाजता जबाबदारी गुपचूप फळीखालून दुकानदाराच्या अंगावर चढते. आता दुसरीकडे पाहा. परदेशातून येणाऱ्या खाद्यपदार्थाला बंदरावर सोडवताना एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढं आयुष्य शिल्लक असावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन खाद्यविक्री करणाऱ्यांना सांगितलं की ग्राहकाच्या हाती पडताना मालाचं ३० टक्के किंवा ४५ दिवस आयुष्य शिल्लक असलं पाहिजे. म्हणजे परदेशी चॉकलेटला संरक्षण आहे, आणि दादरच्या चौथ्या मजल्यावर लोळत फोनवरून बिस्किटं मागवणाऱ्यालाही आहे. एजन्सी आणि वायरीतलं दुकान यांच्यामध्ये मात्र जे काही ठरेल ते दोघांच्या सौद्यात ठरायचं. बरं, ग्राहक आयोगाकडे जावं, तर पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच नाही. तो जगातला एकमेव माणूस आहे, जो रोज शंभर ग्राहकांशी बोलतो आणि स्वतः कधीच ग्राहक होत नाही. म्हणून त्याच्या हातात उरतं ते पत्र, आणि ते तो ‘लोभ असावा’ लिहून वाया घालवतो.

क्रेडिट मागण्यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा येतो. "मुदत शिल्लक आहे ना? मग माल चांगला आहे. चांगल्या मालाचे पैसे कमी का?" याचं उत्तर मालवणच्या मासळी बाजारात रोज मिळतं. सकाळी लिलावातून आलेला बांगडा आणि तोच बांगडा संध्याकाळी, दोन्ही खाण्याजोगे असतात. पण संध्याकाळी सकाळचा भाव सांगायची हिंमत टोपलीवाली करत नाही, कारण समोरची बाई काही न बोलता कल्ला उचलून बघते आणि पुढच्या टोपलीकडे जाते. तिथे कुणी ‘अजून खराब झालेला नाही’ असा युक्तिवाद करत नाही. भाव मासळीचा असतो तसाच उरलेल्या वेळेचाही असतो, हे तिथे न लिहिता मान्य आहे. गंमत अशी, की सकाळी ज्या शेटनी दोन रुपयांसाठी तीन टोपल्यांचे कल्ले उचललेले असतात, तेच शेट दहा वाजता दुकानात येऊन दहा पेट्यांवर न बघता सही करतात. बाटलीला कल्ला नसतो हे खरं. पण तिच्या मानेवर तारीख छापलेली असते, आणि ती वाचायला टोपलीवालीची परवानगी लागत नाही. अडचण एवढीच, की छपाई मुंगीच्या हस्ताक्षरात असते आणि शेटचा चष्मा घरी देवापुढे असतो.

तत्त्व पुरे, आता आकडे मांडू. समजा, तारकर्ली रस्त्यावरच्या एका दुकानात १८ मे रोजी शीतपेयाच्या १० पेट्या आल्या. पेटीत २४, म्हणजे २४० प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्या. खरेदी १६ रुपयांना एक, बिल ३,८४० रुपयांचं. बाटलीवर उत्पादनाची तारीख १२ मार्च, अखेरची १० जून. एकूण आयुष्य ९० दिवस, त्यातले ६७ इतरांनी वापरले, दुकानदाराच्या वाट्याला २३ आले. शीतपेयाचं आयुष्य इतकं आखूड का, तर प्लॅस्टिकच्या भिंतीतून वायू हळूहळू बाहेर झिरपतो. बाटली जितकी छोटी, तितकी आतल्या पेयाच्या मानाने भिंत जास्त, आणि ऊन जितकं जास्त तितकी गळती जलद. म्हणून हेच पेय काचेत जास्त टिकतं. आता खपाचा हिशेब. मेअखेरपर्यंत पर्यटक आहेत, तोवर दिवसाला १२ बाटल्या जातील. १९ ते ३१ मे हे १३ दिवस, म्हणजे १५६. जूनमध्ये किल्ल्याच्या होड्या बंद, १ जूनपासून मासेमारीही बंद, रस्त्यावर माणसापेक्षा बेडूक जास्त. दिवसाला ३ गेल्या तरी देव पावला. शिवाय १० तारीख लिहिलेली बाटली ८ तारखेला कुणी घेत नाही, घेतलीच तर मेव्हण्यासाठी घेतो. तेव्हा १ ते ७ जून हे ७ दिवस, म्हणजे २१. एकूण १७७. उरतात ६३ बाटल्या, किंमत १,००८ रुपये. हा अंदाज आहे हे मान्य, पण अंदाज करायला दुकानदाराजवळ मागल्या वर्षीची वही असते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, तरी कुठलं दुकान त्या दिवशी रिकामं असतं? न ठरलेल्या तारखेचा अंदाज बांधणाऱ्यांना छापलेल्या तारखेचा बांधता येऊ नये, हे पटत नाही.

या आकड्यांवरून दोन पत्रं निघू शकतात. एक ११ जूनचं: ‘६३ बाटल्या मेल्या, नुकसानभरपाई मिळावी.’ हे मृत्युपत्र आहे. त्यावर एजन्सी फार तर दुखवटा पाळते. दुसरं १८ मेचं, टेम्पो अजून दारात असतानाचं. ते असं असावं: ‘आपले बिल क्रमांक अमुक, दिनांक १८ मे. बॅच अमुक, १० पेट्या, मुदत १० जून. माल आला तेव्हा ९० पैकी २३ दिवस शिल्लक. आमच्या खपाप्रमाणे ७ जूनपर्यंत १७७ बाटल्या जातील. म्हणून ७ पेट्या ठेवत आहोत. ३ सीलबंद पेट्या, ७२ बाटल्या, परत नेऊन १,१५२ रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. पेटीचा आणि तारखेचा फोटो सोबत. कृपया २२ मेपर्यंत उत्तर द्यावे.’ संपलं पत्र. यात तब्येत नाही, चिरंजीव नाहीत, पर्यटकांची नैतिक घसरण नाही. पण बघा, यात मागणी मोठी असूनही मान्य व्हायला सोपी आहे. ६३ मेलेल्या बाटल्यांचं एजन्सीला काहीच करता येत नाही. ७२ जिवंत बाटल्या ती परवा कुठल्याशा कॉलेजसमोरच्या किंवा एसटी स्टँडवरच्या दुकानात टाकू शकते, जिथे रोज चार पेट्या उडतात. माल तोच, दिवस तेच, फक्त खपाचा वेग वेगळा. दुकानदाराने नुकसान वाटून घ्यायला सांगितलं नाही, ते होऊच नये याचा रस्ता दाखवला. आणि ‘तेवीस दिवस’ हा शब्द ‘लवकरच’ या शब्दापेक्षा फार जड असतो, हे कर्ज काढलेल्या कुणालाही विचारावं.

दुसरा आक्षेप सहीचा. "शेट, ‘माल तपासून घेतला’ या शिक्क्यावर सही कोणी केली?" हा शिक्का म्हणजे व्यापारातलं सर्वात लोकप्रिय काल्पनिक साहित्य आहे. चालू टेम्पो, मागे हॉर्न मारणारी एसटी, गल्ल्यावर सुटे मागणारं गिऱ्हाईक, अशा वेळी दहा पेट्या तपासून घेणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. पण १९३० चा मालविक्रीचा कायदा इथे शिक्क्यापेक्षा शहाणा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी मिळायला हवी, ती मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. मात्र कलम ४२ लगेच कान धरतं: नाकारतो आहोत हे न कळवता वाजवी वेळ उलटेपर्यंत माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारलाच. आता तीन आठवड्यांचं आयुष्य असलेल्या मालाच्या बाबतीत तीन आठवडे गप्प बसणं वाजवी आहे असं कुठला न्यायाधीश म्हणेल? म्हणून सही करायचीच झाली तर सहीशेजारी हातानेच ‘मुदत १० जून, तपासून कळवतो’ असं लिहावं, आणि त्याच संध्याकाळी पत्र जावं. ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही ओळ आपल्या बिलांवर उगाच छापत नाहीत. पण ती चूक सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही आणि देत तर नाहीच. इथे दुकानदाराची एक मर्यादाही सांगायला हवी. ऑर्डर देताना मुदतीची अट घातलेलीच नसेल, तर तारखेच्या आतला माल ‘खराब’ म्हणून कोर्टात सिद्ध करणं कठीण. तेव्हा पुढच्या ऑर्डरच्या चिठ्ठीत ‘किमान ४५ दिवस मुदत असलेलाच माल पाठवावा’ ही ओळ आधी घालावी. पंधरा रुपयांच्या साबणाला दोन पावत्या मागणाऱ्या माणसाला एवढी ओळ जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप स्कीमचा, आणि इथे दुकानदाराची बाजू थोडी लंगडते. "दहा पेट्यांवर एक डिनर सेट होता शेट, तेव्हा तारीख नाही दिसली?" नाही दिसली. डिनर सेटचा खोका तारखेच्या बरोबर समोर धरलेला होता. स्कीम अनेकदा त्याच मालावर असते, ज्याला घरी ठेवणं कंपनीला परवडत नाही, हे चाळीस वर्षं धंदा केलेल्याला ठाऊक असतं; आणि तरी डिनर सेट बघितला की त्याचा चेहरा बारशाच्या पाहुण्यासारखा होतो. मग उत्तर काय? उत्तर असं, की सूट ही कमी मुदतीची किंमत म्हणूनच दिली असेल, तर तसं बिलावर लिहा. ‘कमी मुदतीचा माल, म्हणून इतके टक्के सूट’ असं लिहून दिलेला माल घेतल्यावर क्रेडिट मागणारा दुकानदार चूकच आहे. पण सूट ‘सीझन धमाका’ या नावाने द्यायची आणि भांडणाच्या वेळी ती ‘मुदतीची भरपाई’ ठरवायची, हे चालणार नाही. धमाका झाला तो दुकानात झाला, एवढंच. त्यातही प्रामाणिक दुकानदाराने पत्रात डिनर सेटचा उल्लेख स्वतःच करावा आणि तीन पेट्यांच्या हिश्शाची त्याची किंमत वजा करून द्यायची तयारी दाखवावी. म्हणजे समोरच्याचा हुकमाचा एक्का आपणच टेबलावर ठेवला असं होतं. डिनर सेट परत देण्याची गरज नाही. तो तोपर्यंत भाचीच्या लग्नात गेलेला असतो.

चौथा आक्षेप सर्वात खरा: "शेट, मला कंपनीच देत नाही, मी कुठून देऊ?" अनेक कंपन्या स्टॉकिस्टला मुदतबाह्य मालापोटी विक्रीच्या ठरावीक टक्क्यापुरतीच भरपाई देतात. त्यावरचा भार तो स्वतःच्या खिशातून उचलतो. म्हणजे एजन्सीवालाही एका बड्या साहेबाला असंच करुण पत्र लिहीत बसलेला असतो, आणि तो साहेब मीटिंगमध्ये असतो. पण या आक्षेपातूनच लवकर लिहिण्याची बाजू भक्कम होते. मुदत संपलेल्या मालाची भरपाई टक्क्यात अडकते. जिवंत पेटी परत नेऊन दुसरीकडे विकायला कंपनीचा टक्का लागतच नाही. करही याच बाजूला आहे. पुरवठादाराने जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे रीतसर क्रेडिट नोट काढली, तर त्याचा कर कमी होतो आणि दुकानदार आपल्याकडची तेवढी वजावट मागे घेतो. दोघांचा हिशेब जुळतो. बाटल्या दुकानात मेल्या आणि ओतून टाकल्या, तर नष्ट केलेल्या मालावरच्या कराची वजावट दुकानदाराला मिळत नाही. म्हणजे माल गेला तो गेला, वर त्याच्या तेराव्याचा खर्चही आपलाच. दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल तर त्याला वजावट मुळातच नाही, तेव्हा त्याचं नुकसान पहिल्या दिवसापासून पूर्ण असतं. म्हणून "पुढच्या बिलात ॲडजस्ट करू" या वाक्यावर विश्वास ठेवू नये. ते ॲडजस्ट बहुधा पुढच्या सेल्समनच्या काळात होतं, आणि त्याला मागच्या सेल्समनने काय कबूल केलं ते माहीत नसतं. क्रेडिट नोटचा क्रमांक मागावा. क्रमांक विसरत नाही.

पाचवा आक्षेप घरातून येतो. पत्र लिहायला बसलं की आतून आवाज येतो, "अहो, हजार रुपयांसाठी त्यांच्याशी वाईटपणा घेऊ नका. चतुर्थीत माल कोण देणार?" या भीतीवर निम्मा धंदा उभा आहे. चाकरमानी गणपतीला उतरले की अगरबत्तीपासून नारळापर्यंत सगळं एकाच आठवड्यात लागतं, आणि तेव्हा एजन्सीने टेम्पो मागे ठेवला तर दुकानदाराची पंचाईत. भीती खोटी नाही. पण वाईटपणा आकड्यांनी येत नाही, सुरांनी येतो. आरडाओरडा करून शेवटी काहीच न मागणारा दुकानदार एजन्सीला नकोसा असतो. शांतपणे तीन पेट्या मोजून परत करणारा त्यांना कळतो. शिवाय पुढच्या खेपेला टेम्पो भरताना गोडाऊनमधला पोऱ्या म्हणतो, "ही बॅच त्या शेटकडे नको, तो तारीख वाचता." एवढी कीर्ती झाली की पत्र लिहायचीच वेळ येत नाही. कमी मुदतीचा माल मग नेहमीप्रमाणे अशा दुकानात जातो, जिथे अजून लोभ मागतात.

शेवटचा आक्षेप एजन्सीवाला घेत नाही, कारण त्याला तो सुचत नाही; तो गिऱ्हाइकाने घ्यायचा आहे. एजन्सीने उरलेले दिवस दुकानदारावर ढकलले म्हणून चिडलेला दुकानदार त्या दिवसांचं पुढे काय करतो? तो कमी मुदतीची बाटली फळीवर पुढे ठेवतो आणि ताजी मागे. माल फिरवण्याची ही रीत जगभर मान्य आहे, पण मागच्या रांगेत हात घालणाऱ्या बाईकडे तो चोर पकडल्यासारखा बघतो. बिस्किटाचा पुडा घ्यायला शाळकरी पोर आलं की त्याच्या हातात हमखास सर्वात जुना जातो, कारण पोराला वजाबाकी शिकवली असली तरी तारखांची शिकवलेली नसते. गिऱ्हाईकही काही कमी नाही. घरी नेल्यावर मुदत जवळ आलेली दिसली की तो पुडा पाहुण्यांच्या बशीत जातो, आणि पाहुणे मुंबईहून आणलेली तशीच बर्फी आधीच देऊन बसलेले असतात. दिवस ढकलण्याची ही साखळी कारखान्यापासून पाहुण्याच्या पोटापर्यंत अखंड आहे. म्हणूनच दुकानदाराचा युक्तिवाद खरा असेल, तर तो खालच्या बाजूनेही लागू व्हायला हवा: ज्याला तीन पेट्यांचे दिवस मोजून मिळाले, त्याने पुडा घेणाऱ्याला ‘दहा दिवस उरलेत, दोन रुपये कमी द्या’ असं आपणहून सांगावं. हे धंद्याच्या विरुद्ध आहे असं वाटतं, पण तो पुडा दहा दिवसांनी फेकावा लागण्यापेक्षा आज दोन रुपये कमी घेतलेले बरे, हे त्यानेच एजन्सीला सविस्तर लिहून पटवलेलं आहे. यावर काही शेट म्हणतील, की आमच्या दुकानात तर ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आहे, तिचं काय करायचं? ती काढवत नसेल तर राहू द्यावी. पत्राला जोडायचा पेट्यांचा फोटो काढताना ती त्यात येणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी.